नकाराचे धनी

१९७९ च्या मे महिन्यात इंग्लंडात मार्गारेट थॅचर यांचे सरकार आले. लगेच जूनच्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी कमाईवरील प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर ८३ टक्क्यांवरून ६० वर आणला. जर्मनीत हेल्मुट कोल यांनाही १९९७ साली हाच दर ५३ वरून ३९ वर आणावयाचा होता. कनिष्ठ सभागृहात त्यांना बहुमत होते, तेथे विधेयक मंजूरही झाले. पण दर होता तेथेच राहिला.

असे का व्हावे? थॅचरबाई करारी आणि कोल मवाळ, हे उत्तर सोपे, पण अपुरे. राज्यशास्त्रज्ञ जॉर्ज त्सेबेलिस यांचे म्हणणे असे, की राज्यव्यवस्था अध्यक्षीय की संसदीय हे आधी पाहू नका. ज्याच्या संमतीवाचून चालू धोरण बदलताच येत नाही असे किती जण आहेत, ते मोजा. यांना ते ‘व्हेटो प्लेअर’ म्हणतात. आपण त्यांना नकाराचे धनी म्हणू. मात्र नुसती डोकी मोजून भागत नाही. दोन सभागृहे एकाच विचाराच्या हाती असतील तर धनी एकच धरावा. धन्यांच्या मतांत जितके अंतर अधिक, तितका सर्वांना पटेल असा बदल दुर्मिळ.

इंग्लंडात उमरावांच्या सभेला पैशाची विधेयके अडवण्याचा अधिकार १९११ पासून उरलेला नाही. म्हणजे कॉमन्समध्ये एका पक्षाचे बहुमत असले, की धनी एकच. जर्मनीत प्राप्तिकराचे उत्पन्न केंद्र आणि घटक राज्ये वाटून घेतात. म्हणून राज्य सरकारांच्या प्रतिनिधींच्या वरिष्ठ सभागृहाची संमती लागते. १९९७ साली तेथे विरोधी समाजवादी लोकशाही पक्षाची राज्ये वरचढ होती. पक्षाध्यक्ष लाफोन्तेन यांनी विधेयक अडवले, आणि १९९८ च्या निवडणुकीत कोल यांचेच सरकार गेले.

गंमत पुढेच आहे. २००० साली श्र्योडर चान्सलर होते आणि आता वरिष्ठ सभागृहात त्यांचेच बहुमत नव्हते. तरी वरचा दर टप्प्याटप्प्याने खाली आणणारा कायदा जुलैत मंजूर झाला. कारण बर्लिन, ब्रँडेनबुर्ग, ब्रेमेन या राज्यांत दोन्ही मोठ्या पक्षांची संयुक्त सरकारे होती. त्यांचे मत दिल्लीच्या भाषेत सांगायचे तर ‘हायकमांड’च्या मुठीत नव्हते, केंद्राने पैशाची आश्वासने दिली आणि ती वळली. धनी तेवढेच, अंतर मात्र कमी झाले होते.

येथे या सिद्धांताची मर्यादाही दिसते. वाट किती रुंद आहे एवढे तो सांगतो. त्या वाटेने कोणी जाईलच, असे सांगत नाही. शिवाय रुंद वाट दोन्ही दिशांना रुंद असते. इंग्लंडातला तो वरचा दर १९८८ मध्ये ४० झाला, २०१० मध्ये ५० आणि २०१३ मध्ये पुन्हा ४५.