रात्री लागणारा चुना

अंड्याचं कवच कोंबडीच्या पोटात बहुतांश रात्री घडतं आणि त्या वेळी गव्हाणीत खाद्य नसतं. म्हणून घरी खाद्य मिसळताना चुनखडीची पूड कमी आणि दोन ते चार मिलिमीटरची खडी जास्त घ्यावी. खडी पोटात रेंगाळते आणि रात्रभर हळूहळू विरघळते.

अंड्यावर आलेल्या कोंबड्यांसाठी शंभर किलोचा हिशेब असा: भरडलेला मका ६२, सोयाबीन पेंड २६, चुनखडी साडेनऊ आणि फॉस्फरस, मीठ, मेथिओनीनसकटचं प्रिमिक्स अडीच किलो. प्रिमिक्स आधी चार-पाच किलो भरड्यात कालवावं, नाहीतर ते एका कोपऱ्यातच राहतं.

पन्नास आठवड्यांनंतर अंडं मोठं होतं, कवच पातळ पडतं. तेव्हा चुनखडी साडेदहा, मका ६३ आणि पेंड २४ करावी. पण अंडी अजून भरपूर असतील तर पेंड कमी करण्याची घाई नको. उन्हाळ्यात ११० ग्रॅमऐवजी ९५ ग्रॅमच खाल्लं, तर चार ग्रॅमऐवजी साडेतीन ग्रॅमही कॅल्शियम मिळत नाही. तलंगांना मात्र हे खाद्य लवकर देऊ नये. जादा चुन्याने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात.