ग्लायकोलिसिस: आधी खर्च, मग कमाई

ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुव्हेटचे दोन रेणू बनवणाऱ्या दहा टप्प्यांच्या प्रक्रियेला ग्लायकोलिसिस म्हणतात. ती पेशीद्रवात घडते आणि तिला ऑक्सिजन लागत नाही. सुरुवात खर्चाने होते. पहिल्याच टप्प्यात एक एटीपी आपला फॉस्फेट ग्लुकोजला देतो. मग विद्युतभारित झालेला हा रेणू पेशीबाहेर सहज निसटत नाही. तिसऱ्या टप्प्यात दुसरा एटीपी जातो. पेशीत एटीपी मुबलक असेल, तर इथेच वेग मंदावतो.

चौथ्या टप्प्यात रेणू दुभंगतो, आणि अखेर तीन कार्बनचे दोन सारखे तुकडे पुढे जातात. म्हणून पुढचा हिशेब दुप्पट. आकृतीत बहुधा एकच तुकडा दाखवतात आणि विद्यार्थी नेमके इथेच चुकतात. सहाव्या टप्प्यात प्रत्येक तुकड्याला एटीपी न खर्चता आणखी एक फॉस्फेट जोडला जातो, शिवाय एनएडीएच मिळते. या फुकटच्या फॉस्फेटमुळेच नफा शक्य होतो: सातव्या टप्प्यात दोन आणि दहाव्यात दोन एटीपी तयार होतात. चारांतून आधीचे दोन वजा केले, की निव्वळ दोन उरतात.

तांबड्या रक्तपेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात, त्यामुळे तिचा एटीपी याच मार्गाने येतो. तिथे पायरुव्हेटचे लॅक्टेट होते, एनएडीएचपासून एनएडी परत मिळते आणि सहावा टप्पा चालू राहतो.