वडिलांच्या मागे भाड्याचा फ्लॅट सोडताना

दिवसकार्य उरकलं की घरमालकाचा फोन येतो. बहुतेक घरांत तेव्हा सगळं तोंडीच ठरतं आणि वाद मग अनामत रकमेवरून पेटतो. फोनवर कितीही गोड बोलणं झालं तरी पत्र लिहावंच.

समजा, कोथरूडला लिव्ह अँड लायसन्सवर एकटेच राहणारे एक विधुर गृहस्थ 9 जूनला वारले. भाडं 18 हजार, अनामत 60 हजार. मुलगी नागपूरला, मुलगा नाशिकला. जुन्या पागडीच्या घरात सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला कायद्याने भाडेकरूपण मिळू शकतं, तसं या करारात नसतं. तो त्या व्यक्तीपुरताच. वारसांकडे येते ती अनामत, आणि थकलेली देणी. तीही वडिलांच्या मागे जे मिळालं तेवढ्यापुरतीच. त्यापलीकडे मुलांवर बोजा नाही.

पत्राची सुरुवात साधी असावी: ‘आमचे वडील 9 जून रोजी निवर्तले. त्यांच्या नोंदणीकृत कराराची प्रत सोबत आहे. 30 जूनला सकाळी अकरा वाजता आम्ही भावंडे सदनिकेचा ताबा परत देऊ. कृपया आपण हजर राहावे.’ यात सर्वांत मोलाची गोष्ट तारीख. भाड्याचा हिशेब तिथे थांबतो. कराराची मुदत उलटूनही सामान पडून राहिलं, तर 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे मालक दुप्पट दराने भरपाई मागू शकतो.

हिशेब पत्रातच मांडावा. जूनचं भाडं 18,000, रीडिंगप्रमाणे वीजबिल 1,460. वजा जाता परत यायचे 40,540. करारात महिन्याच्या नोटिशीची अट असते. पत्र 15 जूनला गेलं, तर मालक 15 जुलैपर्यंतचे आणखी नऊ हजार धरू शकतो. ते सोडून द्यावेत, अशी विनंती तिथेच करावी. अनेक मालक ऐकतात. रंगकामाचे पैसे मात्र करारात लिहिले असतील तरच द्यावेत.

चांगला मालकही अडतो तो पैसे कोणाला द्यायचे इथे. उद्या दुसरा वारस दारात उभा राहिला तर, ही त्याची भीती खरी आहे. म्हणून मृत्यू दाखल्याची प्रत, सर्व वारसांची नावं आणि रक्कम एकाच्या खात्यात भरायला बाकीच्यांची सही असलेलं संमतिपत्र जोडावं. मृत्युपत्र नसेल आणि त्या गृहस्थांची आई हयात असेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने आजीही वारस ठरते. हे हटकून विसरलं जातं. वारसांतच बेबनाव असेल, तर मालक न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागतो. त्यात महिने जातात.

ताबा देताना मीटरचा आणि प्रत्येक खोलीचा फोटो काढावा. किल्ल्या हातात ठेवण्याआधी ताबा पावतीवर मालकाची सही घ्यावी. पैसे नंतर मिळणार असतील, तर रक्कम आणि तारीख त्याच पावतीवर लिहून घ्यावी.