मुदतीआधी नोकरी सोडताना : बाँडची रक्कम कशी ठरवावी?



आपल्या जैनाबाद-बुऱ्हाणपूरकडची मुले नोकरीसाठी इंदूर-पुण्याला जातात. रुजू होताना अनेकांकडून सेवाबंध, म्हणजेच बाँड, लिहून घेतला जातो : कंपनी प्रशिक्षणाचा खर्च करील, मुलाने ठरावीक वर्षे नोकरी करावी, नाही तर इतकी रक्कम भरावी. पुष्कळदा जामीनदार म्हणून वडिलांची सही असते. म्हणून मुलाला दुसरी नोकरी मिळाली की आनंदाबरोबर घरात धास्तीही येते.

दोन गोष्टी आधी लक्षात घ्याव्यात. बाँड आहे म्हणून न्यायालय कोणालाही नोकरीत राहायला भाग पाडत नाही. प्रश्न उरतो तो पैशांचा. आणि बाँडवर लिहिलेली रक्कम ही सहसा कमाल मर्यादा असते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाई मिळते.

वाजवी म्हणजे किती, हे दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०११ च्या सिक्पा इंडिया प्रकरणात स्पष्ट दिसते. तेथे बाँड तीन वर्षांचा आणि दोन लाखांचा होता. कंपनीने प्रशिक्षणावर ६७,५९६ रुपये खर्च केले होते आणि कर्मचाऱ्याने सुमारे दोन वर्षे काम केले होते. न्यायालयाने खर्चाचा तिसरा हिस्सा, म्हणजे २२,५३२ रुपये, मंजूर केला.

हाच हिशेब आपल्या घरी मांडू. समजा, जैनाबादच्या एका मुलाचा बाँड दोन वर्षांचा व दीड लाखाचा आहे. बाहेरच्या संस्थेची फी ६०,००० आणि राहण्याचा खर्च १२,००० धरून कंपनीचे ७२,००० रुपये गेले. मुलाने १५ महिने काम केले. २४ पैकी ९ महिने उरले. ७२,००० चे ९/२४ म्हणजे २७,००० रुपये. बोलणी येथून सुरू करावीत.

राजीनामा देण्याआधी मुलाने एचआरला भेटावे आणि नंतर तेच ईमेलने लिहावे : “माझ्या प्रशिक्षणाचा प्रत्यक्ष खर्च बिलांसह कळवावा. उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात रक्कम भरण्यास मी तयार आहे.” ‘बाँडची रक्कम भरतो’ असे मोघम लिहू नये, ती पूर्ण दीड लाखाची कबुली समजली जाऊ शकते. कंपनी बहुधा प्रशिक्षणकाळातला पगारही खर्चात धरते. त्या काळात मुलाने प्रत्यक्ष कामही केले असेल, तर तो कामाचा मोबदला होता, असे सांगावे. नोटीस कालावधी कमी पडल्याची वसुली वेगळी असते; तिचा आकडा वेगळा मागावा. मागणीवर १८ टक्के जीएसटी लावला असेल, तर केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचे ३ ऑगस्ट २०२२ चे परिपत्रक क्रमांक १७८ दाखवावे. बाँडपोटी दिलेल्या रकमेवर हा कर लागत नाही, असा खुलासा त्यात आहे. नव्या कंपनीला घाई असेल, तर ती ही रक्कम उचलेल का, हेही विचारून पाहावे.

समजा, ३५,००० वर तडजोड झाली. पैसे भरण्याआधी ‘पूर्ण व अंतिम’ असा लेखी मजकूर घ्यावा. त्यात मूळ बाँड परत करणे, जामीनदाराची मुक्तता आणि रिलीव्हिंग लेटरची तारीख असावी. सुरुवातीला कोरा चेक दिला असेल, तर तोही परत घ्यावा. तो बँकेत टाकून परत गेला आणि नोटीस आली, तर गप्प बसू नये. पैसे भरायला नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसच असतात, तेवढ्यात वकिलाला गाठावे.

हा प्रमाणाचा हिशेब सगळीकडे चालत नाही. विजया बँकेचे सीनियर मॅनेजर प्रशांत नारनवरे यांनी २००७ मध्ये रुजू होऊन २००९ मध्ये राजीनामा दिला. बाँड तीन वर्षांचा, रक्कम दोन लाख. त्यांनी ती निषेध नोंदवून भरली आणि परत मिळावी म्हणून न्यायालयात गेले. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून पूर्ण दोन लाख योग्य ठरवले. सार्वजनिक बँकेला जाहिरात देऊन नव्याने भरती करावी लागते, तो खर्च आणि त्यांच्या पदाचा पगार पाहता रक्कम जास्त नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. म्हणून मुलगा सरकारी बँकेत वा उपक्रमात असेल, तर पूर्ण रक्कम भरावी लागेल असे धरूनच नवी नोकरी स्वीकारावी.

ज्यांच्या घरात असा बाँड आहे, त्यांनी आजच त्याची झेरॉक्स काढून ठेवावी. मूळ प्रत बहुधा कंपनीकडेच असते, आणि नोकरी सोडताना ती मागायला गेले की वेळ लागतो.