लाल रंगातलं नाव

संध्याकाळी साडेसात. शाखेचं शटर खाली आलेलं असतं, पण व्हॉट्सॲप ग्रुप जागाच असतो. एक्सेलच्या तक्त्याचा फोटो येतो. वरची नावं हिरवी, खालची पाच लाल. त्याखाली ओळ: ‘हे पाच जण उद्या कॉलवर सगळ्यांसमोर कारण सांगतील.’ लगेच कुणीतरी अंगठा दाखवतं. तो बहुधा सहाव्या क्रमांकाचा असतो.

जून २०२३ मध्ये एका मोठ्या खासगी बँकेच्या कोलकात्यातल्या ऑनलाइन मीटिंगची चित्रफीत देशभर फिरली. टार्गेटवरून सहकाऱ्यांवर ओरडणाऱ्या त्या अधिकाऱ्याला बँकेने निलंबित केलं. पण चित्रफीत बाहेर पडणं हा अपवाद. एरवी हाताशी उरतो तो कागद.

एक उदाहरण घेऊ. महिन्याला २० खाती उघडायची, कामाचे दिवस २५. त्यांतले ९ दिवस शाखेनेच कर्मचाऱ्याला कॅश काउंटरवर बसवलं. उघडली ७ खाती, आणखी ४ केवायसीत अडकलेली. तक्ता म्हणतो ३५ टक्के, म्हणजे लाल. खऱ्या १६ दिवसांच्या हिशेबाने टार्गेट १३ ठरतं. ७ खाती धरली तरी ५४ टक्के होतात, अडकलेली चार सुटली तर ८५. तक्ता खोटा नाही, पण भागाकार चुकीच्या आकड्याने झालाय.

उत्तर ग्रुपवर देऊ नये. तिथे ते भांडण ठरतं आणि खरा मुद्दा अंगठ्यांखाली दबतो. मेल साहेबांना, प्रत एचआरला, शक्यतो त्याच दिवशी:

‘आज सायं. ७.३४ वाजता ग्रुपवर माझं नाव लाल यादीत आलं. दि. ५ ते १५ या काळातले ९ कामाचे दिवस मी आपल्या सूचनेनुसार काउंटरवर होते. ४ अर्ज केवायसीत प्रलंबित आहेत. हे धरून आकडा सुधारावा. कामगिरीबद्दलची चर्चा माझ्याशी स्वतंत्रपणे करावी, ही विनंती.’

‘अपमान’, ‘छळ’ असे शब्द यात नाहीत. साहेबांनी तसे शब्द वापरले असतील, तर ते जसेच्या तसे अवतरणात घालावेत. विशेषणं आपली नकोत. ग्रुपवरचा संदेश पाठवणारा पुसू शकतो, म्हणून स्क्रीनशॉट लगेच घ्यावा. मात्र ग्राहकांची नावं, खाते क्रमांक असलेली फाइल स्वतःच्या मेलवर पाठवली, तर तक्रारदारच आरोपी होतो. ही चूक फार जण करतात.

अशा मेलने नोकरी सुरक्षित होत नाही. कामाच्या ठिकाणच्या सर्वसाधारण दमदाटीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा याला लागू पडत नाही.

बऱ्याचदा लेखी उत्तर येतच नाही. येतो फोन: ‘मॅडम, एवढं लिहायची काय गरज होती? बोलला असतात.’ मग फोन ठेवल्यावर पुन्हा दोन ओळी: ‘आज ११.१० वाजता आपण फोनवर सांगितलं, की काउंटरचे दिवस वजा केले जातील. सुधारित तक्त्याची वाट पाहते.’