एकच दर, दोन पोस्टी

कोवर्किंग जागांच्या इन्स्टाग्रामवर एक फोटो हमखास असतो: कॉफीचा मग, लॅपटॉप, खिडकीत कुंडी आणि खाली ‘आजच या’. घरून काम करणारी डिझायनर तो बघते आणि पुढे सरकते. तिला पडलेला प्रश्न वेगळाच असतो. उद्या घरी वीज नाही आणि दुपारी क्लायंटचा कॉल आहे, तर बसायचं कुठे?

पुण्यात महावितरण देखभाल-दुरुस्तीसाठी बहुतेक वेळा गुरुवारी वीज बंद ठेवतं. म्हणून डे पासची पोस्ट बुधवारी संध्याकाळीच टाकावी. ती साधारण अशी: ‘उद्या सकाळी ९ ते रात्री ८. जीएसटीसकट ४७२ रुपये. जनरेटर आहे. कॉलसाठी बंद बूथ, अर्धा तास मोफत. दुचाकी खाली लावता येते.’ बूथ किती, हेही सांगावं. वीस जणांत एकच बूथ असेल तर लोक जिन्यात उभे राहून बोलतात, आणि मग पुन्हा येत नाहीत.

इथे दर ‘४०० अधिक जीएसटी’ असा लिहायचा मोह होतो. पण वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या फ्रीलान्सरची बहुधा जीएसटी नोंदणीच नसते. वरचे ७२ रुपये त्याला परत मिळत नाहीत, ते सरळ खिशातून जातात. काउंटरवर आकडा वाढला की तो चिडतो, आणि चिडणं रास्तच आहे.

छोट्या स्टार्टअपचं उलटं. समजा महिन्याची खुर्ची ६,००० अधिक जीएसटी, म्हणजे ७,०८०. नोंदणी झालेली असेल आणि बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक असेल, तर ते १,०८० रुपये सहसा आपल्या करातून वळते करता येतात. म्हणून त्यांच्यासाठी मूळ दर वेगळा दाखवावा. फ्रीलान्सरला मात्र ७,०८० म्हणजे बरोबर १५ डे पास. आठवड्यातून दोनदा येणाऱ्याला महिन्याचा प्लॅन गळ्यात मारू नये.

स्टार्टअपला दरापेक्षाही पत्ता महत्त्वाचा असतो. जीएसटी नोंदणीसाठी करारनामा, जागेचं संमतिपत्र आणि वीजबिल लागतं. पण कोवर्किंगवाला स्वतःच बऱ्याचदा भाडेकरू असतो. पुढे जागा देण्याची मुभा त्याच्या मूळ करारात नसेल, तर त्याच्या संमतिपत्राला अर्थ राहत नाही. शिवाय अधिकारी प्रत्यक्ष पडताळणीला येऊ शकतो, आणि दाराशी पाटी नसेल तर अर्ज अडकतो. नोंदणीकृत कार्यालय तिथेच दाखवायचं असेल, तर कंपनी कायद्यानुसार नावाची पाटी लावावीच लागते.

तेव्हा महिन्याच्या पोस्टमध्ये स्पष्ट लिहावं: या प्लॅनमध्ये पत्ता मिळतो की नुसती खुर्ची, पाटी लावता येते का, अनामत किती आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं. प्रश्न विचारणाऱ्याला ‘डीएम करा’ म्हणून ताटकळत ठेवू नये. तोवर तो शेजारच्या जागेत चौकशी करून आलेला असतो.