भाजलेली कोंबडी कापण्यापूर्वीची पंधरा मिनिटं

आपल्या स्वयंपाकघरात हा प्रश्न कधी फारसा पडलाच नाही. मटण-चिकन खाटकाकडूनच तुकडे करून यायचं आणि थेट पातेल्यात जायचं. शिजताना त्यातून जे पाणी सुटायचं ते रश्श्यातच राहायचं आणि भाकरीबरोबर पोटात जायचं. आता बऱ्याच घरांत ओव्हन आले आहेत, अख्खी कोंबडी भाजली जाते आणि शिजवल्यानंतर कापायची वेळ येते. माझी पहिली कोंबडी मी ओव्हनमधून काढल्या काढल्या, चटके सोसत, पाहुण्यांसमोर कापली. पाटावर पाण्याचं तळं झालं आणि ते ओट्यावरून खाली ओघळलं. ताटातला छातीचा तुकडा मात्र कोरडा लागला.

ते तळं कुठून आलं? कच्च्या मांसात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. स्नायूंच्या बारीक, लांब तंतूंमधली प्रथिनं ते धरून ठेवतात. तापमान वाढलं की ही प्रथिनं आकसतात आणि ओला कपडा पिळावा तसं पाणी तंतूंमधून बाहेर ढकलतात. त्यातलं काही ट्रेमध्ये गळतं, काही वाफ होऊन जातं. उरलेलं तंतूंच्या मधल्या फटींत मोकळं साचून राहतं. बाहेरचा थर सर्वांत जास्त तापतो, म्हणून तिथे पिळवणूकही सर्वांत जास्त होते.

या घडीला सुरी चालवली की तंतू आडवे कापले जातात आणि फटींची तोंडं उघडतात. आतला रस गरम असल्यामुळे अगदी पातळ असतो, अडवायला काही नसल्यामुळे तो वाहून जातो. थोडा वेळ थांबलं तर मांस किंचित निवतं आणि रस दाटतो. साखरेचा पाक गरम असताना धारेसारखा पडतो आणि निवला की चमच्याला चिकटतो, तसंच काहीसं. मांसाच्या रसात विरघळलेली प्रथिनं असतात, थोडं जिलेटिनही असतं. पायाचं सूप फ्रिजमध्ये थरथरत्या जेलीसारखं होतं ते याच जिलेटिनमुळे. छातीच्या मांसात ते फार कमी असतं, म्हणून रस गोठत नाही, पण सहज वाहणार नाही इतका दाटतो. शिवाय बाहेरचा तापलेला थर निवताना तंतूंवरचा ताण कमी होतो आणि थोडा रस ते पुन्हा धरून ठेवू शकतात.

भाजताना रस घाबरून मधोमध पळतो आणि नंतर परत कडेला येतो, असं अनेकदा सांगितलं जातं. ते खरं नाही. तसंच, जास्त भाजल्यामुळे गेलेलं पाणी थांबल्याने परत येत नाही. थांबण्याने फक्त उरलेला रस वाचतो. कोंबडी ओव्हनमध्ये वीस मिनिटं जादा राहिली असेल, तर नंतर अर्धा तास थांबूनही ती कोरडीच राहील.

दीड किलोची, चामडीसकट कोंबडी घेतली असं धरू. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये तिला साधारण सव्वा तास लागतो. थर्मामीटर छातीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न लागता खुपसायचा. तिथे आणि मांडीतही ७४ अंश सेल्सिअस दिसले की बाहेर काढायची. ‘खात्रीसाठी आणखी दहा मिनिटं’ हा मोह टाळावा, कारण बाहेर काढल्यावरही कडेची उष्णता आत सरकत राहते आणि मधलं तापमान आणखी काही अंश चढू शकतं. मग जाळीवर किंवा कोमट ताटात पंधरा ते वीस मिनिटं ठेवायची. घट्ट झाकू नये. वाफ आत कोंडते आणि कुरकुरीत चामडी मऊ पडते. फार तर वरून फॉइल सैल टाकावी.

लहान तुकड्यांना इतका वेळ लागत नाही. हाडाविना छातीच्या तुकड्याला पाच मिनिटं पुरतात. सीख कबाब गरमागरमच खावा. रश्श्यातल्या मटणाला तर हा नियमच लागू नाही.

खरं-खोटं पाहायचं असेल तर सारख्या वजनाचे दोन छातीचे तुकडे एकत्र भाजा. एक लगेच कापा, दुसरा पाच मिनिटांनी, दोन वेगळ्या ताटल्यांत. मग दोन्ही ताटल्यांत साचलेला रस स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. दोन्हींतला फरक ताटलीतच दिसेल.

थांबूनही थोडा रस पाटावर येतोच. तो पुसून टाकू नका. ट्रेमधल्या रसात मिसळून, एक उकळी आणून तुकड्यांवर ओता.